‘नसले तरी’चं ‘नसले तर’ झालं: फोनवर कापल्या गेलेल्या एका मथळ्याचं प्रकरण

२ जुलै २०२४, मंगळवार. चार दिवसांपूर्वी, २८ जूनला अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजने’च्या अटी सरकारने त्या दिवशी सैल केल्या. अर्जाची मुदत १५ जुलैवरून ३१ ऑगस्टवर गेली, वयाची वरची मर्यादा ६० वरून ६५ झाली, पाच एकर जमिनीची अट निघाली. आणि ज्या कागदासाठी सेतू केंद्रांपुढे रांगा लागल्या होत्या, त्या अधिवास प्रमाणपत्राला पर्याय मिळाले: १५ वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला, यांपैकी कोणतंही एक.

मी तेव्हा एका मराठी बातम्यांच्या संकेतस्थळावर वेब डेस्कला होते. त्या रात्री या एका घोषणेच्या आम्ही पाच वेगवेगळ्या बातम्या केल्या. मुदतीची वेगळी, वयाची वेगळी, जमिनीची वेगळी. अधिवास प्रमाणपत्राच्या बातमीला आमच्या उपसंपादकाने दिलेला मथळा असा होता:

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना: अधिवास प्रमाणपत्र नसले तरी अर्ज बाद होणार नाही, ही कागदपत्रे चालणार

मथळ्यात चूक काहीच नव्हती. योजनेचं नाव पूर्ण, माहिती खरी, मराठी सरळ. मीच तो पाहून पुढे सोडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीमच्या आमच्या वार्ताहराने व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं: “ताई, हे काय टाकलंय? इथे बाया सेतूवर हे दाखवून भांडतायत.” फोनवर कोणीतरी गूगलमध्ये ‘लाडकी बहीण अधिवास’ असं शोधलं होतं आणि आमची बातमी वरच आली होती. तिचा मथळा असा दिसत होता:

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना: अधिवास प्रमाणपत्र नसले तर

बस्स, एवढंच. पुढे तीन टिंबंही नाहीत. मथळा कुठेतरी तोडला गेलाय याची खूणच नाही. ‘तरी’मधली एक वेलांटी गळाली होती आणि वाक्य उलटं फिरलं होतं. ‘नसले तरी’ म्हणजे चिंता करू नका. ‘नसले तर’ म्हणजे आता तुमचं काही खरं नाही. ज्यांनी बातमी उघडली त्यांना आत सगळं नीट मिळालं. पण ज्यांनी नुसता मथळा वाचला, त्या दाखल्याच्या रांगेतून हलल्या नाहीत.

वेलांटी कुठे गेली

पहिला संशय गूगलवर गेला, आणि तो चुकीचा होता. गूगल मथळा तोडतं तेव्हा सहसा शब्द पूर्ण ठेवतं आणि पुढे टिंबं देतं. इथे दोन्ही नव्हतं. म्हणजे मथळा गूगलकडे पोचला तोच तुटलेला. पानाचा सोर्स उघडून `<title>` पाहिला, तर तिथेच ‘नसले तर’ होतं.

आमच्या सीएमएसमध्ये, म्हणजे बातम्या संकेतस्थळावर चढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मथळ्याच्या दोन चौकटी होत्या. एक पानावर मोठ्या अक्षरात दिसणाऱ्या मथळ्याची, म्हणजे `<h1>`ची. दुसरी ‘एसईओ टायटल’ची, म्हणजे सोर्समधून गूगलकडे जाणाऱ्या मथळ्याची. दुसऱ्या चौकटीखाली आकडा पळायचा; ६० पर्यंत हिरवा, पुढे लाल. उपसंपादकाने घाईत दुसरी चौकट रिकामी सोडली होती. रिकामी सोडली की सीएमएस काय करतं, हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. तांत्रिक टीममधल्या मुलाने दाखवलं तेव्हा कळलं:

```php
$title = mb_substr($headline, 0, 60);
```

मथळ्याची पहिली ६० कॅरॅक्टर घ्यायची, बाकी टाकून द्यायची. आता मोजून बघा. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना’ एवढ्यातच ३३ संपतात. विसर्गचिन्हासारखं ते कोलन आणि त्यानंतरची जागा धरून ३५. ‘अधिवास प्रमाणपत्र नसले’ इथपर्यंत ५७. मग एक मोकळी जागा, ‘त’ ५९वा, ‘र’ ६०वा. वेलांटी ६१वी. संगणकाच्या लेखी ‘री’ हे एक अक्षर नाही. ‘र’ एक आणि ‘ी’ दुसरं. त्याने आज्ञेप्रमाणे दोघांच्या मधोमध सुरी चालवली.

संपूर्ण मथळा १०२ कॅरॅक्टरचा होता, आणि ज्या ‘नाही’वर सगळा दिलासा टांगलेला होता ते ८१व्या कॅरॅक्टरला संपत होतं.

हे कॅरॅक्टर प्रकरण मराठीत जरा समजून घ्यावं लागतं, कारण ६० ही मर्यादा आपण इंग्रजीतून उचललेली आहे. ‘मुख्यमंत्री’ म्हणताना आपण चार अक्षरं मोजतो: मु, ख्य, मं, त्री. संगणक मोजतो ११, कारण प्रत्येक काना, मात्रा, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षरातला पाय मोडलेला हलंत त्याच्यासाठी स्वतंत्र आहे. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये हे कोणीही करून पाहू शकतं:

```js
const s = "मुख्यमंत्री";
s.length;   // 11
[...new Intl.Segmenter("mr").segment(s)].length;   // नव्या ब्राउझरमध्ये 4
```

शेवटच्या ओळीचं उत्तर जुन्या ब्राउझरमध्ये ६ येतं, कारण जोडाक्षर एकत्र धरायचा नियम युनिकोडमध्ये उशिरा आला. पण फोनच्या पडद्याला ४, ६ आणि ११ या तिन्ही आकड्यांशी देणंघेणं नाही. पडद्याला कळते फक्त रुंदी. ‘कुंकू’ आणि ‘सरसकट’ या दोन शब्दांची सीएमएसमधली मोजणी सारखीच येते, पाच आणि पाच. पण ‘कुंकू’मधले उकार खाली लटकतात आणि अनुस्वार डोक्यावर बसतो, ते आडवी जागा अडवत नाहीत. ‘सरसकट’मधली पाचही अक्षरं एकमेकांना खेटून उभी आहेत. पडद्यावर ‘सरसकट’ला ‘कुंकू’च्या दुपटीहून जास्त जागा लागते. म्हणजे काना आणि सुटी व्यंजनं भरलेला ५५ कॅरॅक्टरचा मथळा फोनवर तुटू शकतो आणि उकार-अनुस्वारांचा ६५ कॅरॅक्टरचा मथळा सुखरूप बसू शकतो.

गूगलचं स्वतःचं म्हणणंही असंच आहे. `<title>` किती लांब असावा याला त्यांनी मर्यादा घातलेली नाही; निकालात दाखवताना तो गरजेप्रमाणे, बहुतेक वेळा त्या उपकरणाच्या रुंदीनुसार, तोडला जातो. ६० हा आकडा शोधनिकालांच्या धंद्यात काम करणाऱ्यांनी अनुभवावरून बांधलेला ठोकताळा आहे. आमच्या सीएमएसने त्या ठोकताळ्याची कुऱ्हाड केली होती.

पहिली दुरुस्ती, आणि ती का पुरली नाही

सकाळी साडेनऊला आम्ही सरळ उपाय केला. एसईओ टायटलच्या चौकटीत अख्खा मथळा चिकटवला, लाल आकड्याकडे दुर्लक्ष केलं, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पानाचा पत्ता टाकून पुन्हा इंडेक्स करण्याची विनंती केली. ही विनंती म्हणजे हुकूम नव्हे. कधी लगेच लागू होते, कधी दिवस जातो. बातम्यांची पानं तशी लवकर पाहिली जातात. दुपारपर्यंत निकालात नवा मथळा आला, आणि वार्ताहराने दुसरा स्क्रीनशॉट पाठवला:

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना: अधिवास प्रमाणपत्र नसले तरी अर्ज बाद होणार …

वेलांटी परत आली होती. ‘नाही’ मात्र गेलं होतं. फोनवर मथळ्याला दोन ओळी मिळतात, त्या भरल्या आणि गूगलने शब्द पूर्ण ठेवून, टिंबं देऊन, अगदी शिस्तीत मथळा तोडला. शिस्तीत तोडलेला मथळाही ‘अर्ज बाद होणार’ म्हणतच होता. माझ्या फोनवर, जो थोडा रुंद आहे, ‘नाही’ दिसत होतं. डेस्कवरच्या मॉनिटरवर तर मथळा ‘नसले तरी’च्या आधीच थांबत होता, कारण तिथे एकच ओळ मिळते. एकाच मथळ्याची तीन ठिकाणी तीन रूपं, आणि त्यातलं नेमकं सर्वांत वाईट रूप छोट्या, स्वस्त फोनवर. म्हणजे ही बातमी ज्यांच्यासाठी होती त्यांच्याच हातात.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की भांडण ६० च्या आकड्याशी नाहीच. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे येतो. होणार नाही, मिळणार नाही, गरज नाही, लागू नाही. आपण बोलताना वाक्य संपेपर्यंत ऐकणारा थांबतो, म्हणून ते चालतं. मथळा तोडणारं यंत्र थांबत नाही. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी, वाक्याच्या मध्यावर येऊन जातो. तिथे शेपूट तुटलं तर तपशील जातो, अर्थ बहुधा राहतो. मराठी मथळ्याचं शेपूट तुटलं तर जीवच जातो. ‘महत्त्वाचे शब्द सुरुवातीला घ्या’ हा सल्ला आम्ही सगळ्यांनी ऐकलेला होता आणि पाळतही होतो. योजनेचं नाव महत्त्वाचं, ते सुरुवातीला. अधिवास प्रमाणपत्र महत्त्वाचं, ते त्यानंतर. ‘नाही’ला महत्त्वाचा शब्द म्हणून कोणी मोजलंच नव्हतं.

बोटाखालचा मथळा

दुपारी आम्ही तिघं बसलो: तो उपसंपादक, मी आणि आमचे वृत्तसंपादक. मी मथळा मोठ्या अक्षरांत कागदावर छापून घेतला आणि त्यावर ओळखपत्राचं कार्ड ठेवून ते डावीकडून उजवीकडे एकेक शब्द सरकवत गेले. प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न: इथे तोडलं तर वाचणाऱ्याला काय वाटेल? अर्धवट वाटलं तर हरकत नाही. उलटं वाटलं तर मथळा बाद.

सर्वांत आधी योजनेच्या नावावर गदा आली. वृत्तसंपादक म्हणाले, “अहो, अधिकृत नाव आहे ते. मुख्यमंत्री काढून टाकलं असं उद्या कोणी म्हणायला नको.” त्यांचं म्हणणं पानावरच्या मथळ्यापुरतं ठीक होतं. पण शोधणारी बाई ‘मुख्यमंत्री माझी’ टाइप करत नाही. ती ‘लाडकी बहीण’ टाइप करते. आणि तिने ते आधीच टाइप केलंय, म्हणजे योजना कोणती हे तिला ठाऊक आहे. ‘लाडकी बहीण:’ एवढं ठेवलं की ३४ कॅरॅक्टरचं काम ११ मध्ये होतं. ही काटछाट करून आणि शेवटही आखडून मथळा असा झाला:

लाडकी बहीण: अधिवास प्रमाणपत्र नसले तरी अर्ज बाद नाही

५२ कॅरॅक्टर. आकडा हिरवा. इथे थांबायचा मोह सगळ्यांनाच झाला. कार्ड सरकवलं. ‘लाडकी बहीण: अधिवास प्रमाणपत्र नसले…’ इथे पोटात गोळा येतो. ‘…नसले तरी अर्ज बाद…’ इथे तर तो पक्का होतो. दोन ओळींत बसेल, मान्य. पण मथळा फक्त शोधनिकालात दिसत नाही. तो बातम्यांच्या आडव्या पट्टीतल्या छोट्या चौकोनात दिसतो, नोटिफिकेशनमध्ये दिसतो, कोणीतरी पुढे पाठवलेल्या दुव्याखाली दिसतो, आणि दर ठिकाणची रुंदी निराळी. शिवाय फोनवर अक्षरं मोठी करून ठेवणारी माणसं असतात. माझ्या आईच्या फोनवर कुठलाच मथळा अख्खा दिसत नाही.

मग उपसंपादकाने नकार पुढे ओढायचा प्रयत्न केला:

लाडकी बहीण: अधिवास प्रमाणपत्राशिवाय अर्ज करता येणार

ही सुचवणी चांगली होती. सुटा ‘तरी’ आणि सुटा ‘नाही’ दोन्ही गेले. ‘शिवाय’ हे नामाला चिकटून येतं, त्यामुळे शब्दावर तोडणाऱ्या यंत्राला ते वेगळं काढता येत नाही. पण कार्ड ‘प्रमाणपत्राशिवाय’वर थांबवलं आणि मी त्याला विचारलं, पुढचा शब्द काय येईल असं वाटतं? तो हसला. “प्रवेश नाही,” म्हणाला. सरकारी पाट्यांनी आपल्याला हीच सवय लावलीय. पासशिवाय प्रवेश नाही, दाखल्याशिवाय अर्ज नाही. ‘शिवाय’ ऐकलं की मराठी कान पुढचं ‘नाही’ आपलं आपण भरून टाकतो. ‘शिवायही’ केलं तर तो अर्थ टळतो, पण मग सगळा भार पुन्हा एका ‘ही’वर. याहून मोठा दोष म्हणजे ती माहितीच धड नव्हती. प्रमाणपत्राशिवाय म्हणजे काही न देता, असा अर्थ होतो. प्रत्यक्षात त्याच्या जागी चारपैकी एक कागद द्यायचाच होता.

तो दोष बोलून दाखवतानाच उत्तर तोंडातून आलं. ‘शिवाय’ नाही, ‘ऐवजी’.

लाडकी बहीण: अधिवास प्रमाणपत्राऐवजी जुने रेशन कार्डही चालेल

५८ कॅरॅक्टर. पण आता आकड्यापेक्षा कार्ड महत्त्वाचं. ‘लाडकी बहीण: अधिवास…’ अर्धवट, पण निरुपद्रवी. ‘…प्रमाणपत्राऐवजी…’ इथेच निम्मं काम झालं. काहीतरी दुसरं चालतंय, हे कळलं. ‘…जुने रेशन…’ इथे पुरं झालं. ‘कार्डही चालेल’ नाही दिसलं तरी कोणी रांगेत ताटकळणार नाही. मथळ्यात नकार उरलाच नव्हता. मूळ बातमी ‘काय होणार नाही’ हे सांगत होती. नवा मथळा ‘काय चालेल’ हे सांगत होता. माहिती तीच.

वृत्तसंपादकांना तो सपक वाटला. “‘अर्ज बाद होणार नाही’मध्ये दिलासा आहे,” ते म्हणाले, “‘चालेल’ हे दुकानदाराचं उत्तर झालं.” त्यांचं खोटं नव्हतं. छापील अंकात मीही पहिलाच मथळा घेतला असता. कागदावर मथळा कोणी तोडत नाही.

‘जुने’ या शब्दावर मात्र बराच वेळ गेला. खरी अट १५ वर्षांपूर्वीच्या रेशन कार्डाची होती. ‘१५ वर्षांपूर्वीचे’ घातलं तर मथळा लांबतो आणि ‘प्रमाणपत्राऐवजी १५ वर्षांपूर्वीचे…’ इथे तुटला तर काय पंधरा वर्षांपूर्वीचं ते कळत नाही. ‘जुने’ काढून नुसतं ‘रेशन कार्ड’ ठेवलं तर गेल्या वर्षी वेगळं काढलेलं कार्ड घेऊन नवी सून सेतूवर जाईल आणि परत येईल. ‘जुने’ ही चार कॅरॅक्टरची तडजोड होती: आकडा सांगत नाही, पण नुसतं कार्ड पुरणार नाही एवढी शंका पेरते. रेशन कार्डच का, मतदार ओळखपत्र का नाही, असंही विचारलं गेलं. रेशन कार्ड हा शब्द छोटा आहे आणि घराघरात आहे, एवढंच कारण.

बाकीचे तीन पर्याय पानावरच्या मथळ्यात गेले. तिथे लांबीची अडचण नव्हती, पण एक पथ्य पाळावं लागलं. गूगल दर वेळी `<title>`च दाखवतं असं नाही. ऑगस्ट २०२१ पासून ते पानावरच्या ठळक मथळ्यातून, `<h1>`मधून किंवा इतर ठिकाणांहूनही शोधनिकालाचा मथळा पूर्वीपेक्षा जास्त वेळा घडवू लागलं आहे. आम्ही `<title>` सुधारून `<h1>` जुनाच ठेवला असता, तर गूगल कधीही ‘अर्ज बाद होणार …’ उचलून पुन्हा लोकांपुढे ठेवू शकलं असतं. म्हणून `<h1>`ची सुरुवातही त्याच शब्दांनी केली:

लाडकी बहीण योजना: अधिवास प्रमाणपत्राऐवजी १५ वर्षांपूर्वीचे रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला चालेल

आणि दुवा पुढे पाठवला की दिसतो तो `og:title`, त्यातही छोटा मथळा भरला. हे तिसरं खोकं नेहमी विसरलं जातं.

‘ऐवजी’ही फसतो तिथे

त्याच दिवशी संध्याकाळी उपसंपादक उत्साहाने त्या घोषणेच्या उरलेल्या बातम्यांचे मथळे दुरुस्त करायला बसला. ऐवजीचा मंत्र सापडला होता. मुदतीच्या बातमीला त्याने दिलं:

लाडकी बहीण: अर्जाची मुदत १५ जुलैऐवजी ३१ ऑगस्टपर्यंत

कार्ड ‘जुलैऐवजी’वर थांबवलं तर ठीक आहे, मुदत बदलली एवढं कळतं. पण सगळी यंत्रं शब्दावर थांबतात असं नाही. आमच्याच सीएमएसने आदल्या रात्री काय केलं ते ताजं होतं. ‘अर्जाची मुदत १५ जुलै’ इथे तोडलं गेलं तर आपण जुनी, रद्द झालेली तारीख नव्याने जाहीर केल्यासारखं होतं. आणि नजरेचंही तसंच आहे. घाईत वाचणारा डोळा आकडा आधी पकडतो. पहिला दिसलेला आकडा १५ असेल तर १५ च लक्षात राहतो.

प्रमाणपत्राच्या मथळ्यात जुनी गोष्ट आधी आणि नवी नंतर, हे चाललं कारण जुनी गोष्ट हाच शोधणारीचा प्रश्न होता. तिने ‘अधिवास’ टाइप केलं होतं. मुदतीच्या बाबतीत शोधणारी ‘शेवटची तारीख’ टाइप करते आणि तिला नवी तारीख हवी असते. जुनीचा उल्लेखही नको. म्हणून ‘लाडकी बहीण: अर्जाची मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली’. ‘वाढली’ तुटलं तरी तारीख उरते. जुनी तारीख बातमीच्या पहिल्या वाक्यात गेली.

काही मथळ्यांत ‘ऐवजी’ बसतच नाही, तेव्हा नकाराचं वाक्यच होकारात फिरवावं लागतं. पावसाच्या दिवसांत दर वर्षी येणारं ‘शाळांना उद्या सुटी नाही’ हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ‘शाळांना उद्या सुटी…’ एवढंच दिसलं की पालकांच्या ग्रुपवर आनंदीआनंद. ‘शाळा उद्या सुरूच’ असं लिहिलं की कुठल्याही शब्दावर तोडा, उलटा अर्थ निघत नाही. सगळ्यांत अवघड असतात त्या खोट्या दाव्यांच्या बातम्या. ‘अमुक योजना बंद झाल्याचा दावा खोटा’ या मथळ्यात दावा आधी छापला जातो आणि ‘खोटा’ शेवटी, तुटण्याच्या जागी. म्हणजे अफवेचं काम आपणच फुकट करून देतो. तिथे ‘खोटा दावा:’ हे शब्द पहिले यावे लागतात, कानाला कितीही खटकले तरी. वाचायला गोड नाही लागत. पण तिथे गोडवा हवाय कोणाला?

सीएमएसचं पुढे काय झालं, तेही सांगते. पहिल्यांदा आम्ही तांत्रिक टीमला म्हटलं की ६० वर न तोडता शब्द संपेल तिथे तोडा. त्या मुलाने उलट विचारलं, “मग ‘नसले’वर तुटेल. ते चालेल?” नव्हतंच चालणार. शेवटी आपोआप तोडणंच काढून टाकलं. आता एसईओ टायटल रिकामं असेल तर बातमी प्रसिद्धच होत नाही. चौकटीखाली हिरव्या-लाल आकड्याच्या जागी मथळा फोनच्या रुंदीच्या दोन ओळींत बसवून दिसतो. रुंदी मोजायला काही मोठं लागत नाही:

```js
const c = document.createElement("canvas").getContext("2d");
c.font = "20px 'Noto Sans Devanagari'";
c.measureText("अधिवास प्रमाणपत्राऐवजी").width;
```

अँड्रॉइडवर देवनागरी बहुधा नोटो फाँटमध्ये दिसते, म्हणून तोच घेतला. गूगलच्या निकालात नेमकी तीच रुंदी मिळेल असा भरवसा नाही. अंदाज मात्र कॅरॅक्टरच्या मोजणीपेक्षा खूप जवळचा येतो. कार्ड सरकवून वाचायचं काम अजून माणसालाच करावं लागतं. ‘प्रमाणपत्राशिवाय’ म्हटल्यावर मराठी कान पुढे काय भरतो, हे कुठली ओळ मोजून कळणार?

नवा मथळा निकालात यायला त्या दिवशी संध्याकाळ झाली. वाशीमहून तिसरा स्क्रीनशॉट आला, दुसऱ्या एका फोनवरचा. अक्षरं त्या फोनवर मोठी केलेली होती, त्यामुळे तोही तुटलेलाच होता: ‘लाडकी बहीण: अधिवास प्रमाणपत्राऐवजी जुने रेशन …’. दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठच्या सुमारास वार्ताहराचा फोन आला. सेतूवाला वैतागला होता म्हणे. दिवसभर बाया कार्ड घेऊन येत होत्या आणि एकच विचारत होत्या: “जुनं म्हणजे किती जुनं, दादा?”